आधी खण, मग अक्षर: नातीला दुकानाची पाटी लिहायला शिकवताना

प्रश्न: कागदावर माझं अक्षर चांगलं येतं. काकांच्या दुकानाची पाटी हाताने रंगवायला घेतली, तर शेवटची अक्षरं कोंबावी लागली, शिरोरेषा वाकडी झाली आणि रस्त्याच्या पलीकडून नाव नीट वाचताही येत नाही. हात बसायला किती दिवस लागतात? कुणी जुने पेंटर शिकवतात कसे, ते सविस्तर सांगाल का?

मी कराडचा. चाळीसहून जास्त वर्षं पाट्या, शटर, भिंती आणि ट्रकच्या फाळक्या रंगवल्या. गेली दोन वर्षं माझी नात सुट्टीत माझ्याजवळ बसून हे काम शिकते आहे, आणि तुमच्या हातून जे झालं तेच तिच्या पहिल्या पाटीवर झालं होतं. तिचीच गोष्ट सांगतो, त्यात तुमचं उत्तर सापडेल.

तुम्ही हाताला दोष देताय, पण दोष हाताचा नाही. कागदावर आपण अक्षर लिहितो. लिहिताना जागा संपली तर पुढच्या ओळीवर जातो, म्हणून जागेचा विचार करायची सवयच लागत नाही. पाटीवर पुढची ओळ नसते. तिथे नाव आधी मोजून बसवावं लागतं आणि ब्रश सगळ्यात शेवटी हातात घ्यायचा असतो. तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन ब्रश उचलण्याआधीच सुटतात. उरली शिरोरेषा, ती तेवढी सरावाची बाब आहे.

हात बसायला किती दिवस, हे मात्र तुम्ही रोज किती वेळ देता आणि जवळ कुणी चूक दाखवणारं आहे का, यावर आहे. माझ्या नातीला रोज तासभर बसून सरळ उभी रेघ यायला साधारण महिना लागला. माझ्या उस्तादांनी मला सहा महिने नुसते डबे धुवायला आणि पत्रे घासायला लावले होते. तसं मी तिला केलं नाही, कारण ते सहा महिने मला उपयोगी पडले असं मला वाटत नाही.

पहिल्या महिन्यात तिला एकही अक्षर लिहू दिलं नाही. घरात एक जुना पत्रा होता, त्याला काळा ऑइल पेंट मारून वाळवला. त्यावर पांढऱ्या रंगाने उभ्या रेघा ओढायच्या आणि ओल्या असतानाच टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून टाकायच्या. एकच पत्रा कितीही वेळा वापरता येतो. फक्त खालचा काळा रंग दोन-तीन दिवस चांगला वाळलेला हवा, नाहीतर फडक्याबरोबर तोही निघतो. रेघ अर्ध्या इंचाच्या चपट्या ब्रशने, वरून खाली, एका दमात. ती सुरुवातीला मनगटातून ओढायची, त्यामुळे चार इंचांनंतर रेघ डावीकडे वळायची. मनगट जागच्या जागी फिरतं, म्हणून त्याची रेघ नेहमी कमानीसारखी येते. खांद्यातून हात खाली आणला की रेघ सरळ येते. हे तोंडाने सांगून तिला कळलं नाही. मी तिचं कोपर धरून हात खाली नेला, तेव्हा कळलं.

दुसरी गोष्ट काठी. फूट-दीड फूट लांबीची गुळगुळीत काठी घ्यायची, एका टोकाला कापडाचा बोळा बांधायचा. बोळा पाटीवर कोरड्या जागी टेकवायचा, काठी डाव्या हातात धरायची आणि तिच्यावर उजवा हात टेकवून ब्रश चालवायचा. शिरोरेषा वाकडी येण्याचं अर्धं कारण म्हणजे हाताला टेकू नसतो. आपण पाटीपासून हात अधांतरी धरतो आणि दंड दुखायला लागला की रेघ खाली घसरते.

रंगाचा दाटपणा मी तिला मोजून शिकवला नाही, तो मोजून येत नाही. डब्यातला ऑइल पेंट झाकणात थोडा काढायचा, त्यात टर्पेंटाइनचे थेंब घालायचे, ब्रश बुडवून काचेच्या तुकड्यावर दोन्ही बाजूंनी फिरवायचा आणि पत्र्यावर रेघ ओढून बघायची. पाच-सहा इंचांच्या आत ब्रश अडखळला, रेघेच्या कडा फाटल्या, तर रंग दाट आहे. रेघ ओढल्यावर कडा पसरली किंवा थेंब खाली ओघळला, तर पातळ झाला. उन्हात काम करताना झाकणातला रंग दर थोड्या वेळाने दाटतो, तेव्हा सकाळचा अंदाज दुपारी चालत नाही. रॉकेल घालू नका. स्वस्त पडतं, पण रंग वाळायला फार वेळ घेतो आणि तोवर धूळ बसते.

आता पाटीकडे येतो. शेजारच्या गावातल्या गिरणीवाल्यांनी पाटी सांगितली होती: ‘विठ्ठल पीठ गिरणी’. पत्रा 6 फूट बाय 2 फूट. मी नातीला म्हटलं, खडूने तूच लिही. तिने डावीकडून सुरुवात केली, ‘विठ्ठल’ ऐसपैस काढलं, ‘पीठ’ बरं बसलं, आणि ‘गिर’पर्यंत येईतो पत्र्यावर हातभरही जागा उरली नव्हती. त्यात ‘णी’ कोंबला. ती म्हणाली, “आबा, पुसून जरा लहान काढू का?” मी म्हटलं, लहान काढशील तर उजवीकडे जागा मोकळी राहील. अंदाजाने पुसत बसण्यापेक्षा मोजू.

मी खणांनी मोजतो. खण म्हणजे अक्षराच्या उंचीचा चौथा भाग. अक्षराची उंची म्हणताना शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून अक्षराच्या तळापर्यंत धरायची, वेलांट्या आणि उकार सोडून. प्रत्येक अक्षराला किती खण लागतात ते ठरलेलं आहे, आणि त्यात शेजारची फटही धरलेली असते. र ला 2 खण पुरतात. व, प, ग, ठ यांना 3. ण रुंद, त्याला 4. ल मी पाकळीचा काढतो, तोही 4 घेतो. वेलांटीची उभी रेघ, मग ती पहिली असो की दुसरी, 1 खण. दोन शब्दांमध्ये 2 खण. हे माझ्या वळणाचे आकडे आहेत. तुमचं अक्षर रुंद असेल तर तुमचे आकडे वेगळे येतील, म्हणून आधी एकदा कागदावर चौकटी आखून सगळी बाराखडी काढून बघा आणि स्वतःचा तक्ता करून ठेवा.

मग तिने बोटांवर मोजलं. वि 4, ठ्ठ 3, ल 4, म्हणजे ‘विठ्ठल’ 11. पी 4 आणि ठ 3, ‘पीठ’ 7. गि 4, र 2, णी 5, ‘गिरणी’ 11. तिन्ही शब्द मिळून 29, मधल्या दोन मोकळ्या जागांचे 4, झाले 33. दोन्ही कडांना दीड-दीड खण सोडला की 36. पत्रा 72 इंच. 72 ला 36 ने भागलं की एक खण 2 इंचांचा, आणि अक्षराची उंची 4 खण म्हणजे 8 इंच. इथे भागाकार सुटा आला हे नशीब, दरवेळी येत नाही. पावणेदोन इंच आणि वर थोडं असं काही आलं, तर खाली पावणेदोन धरा आणि उरलेली जागा दोन्ही कडांना वाटून द्या.

8 इंच उंची दोन फुटी पाटीत बसते का, हे बघायचं राहिलं. देवनागरीत इथेच फसगत होते, कारण अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार असतात आणि खाली उकार किंवा खाली उतरणारं जोडाक्षर असतं. या नावात चार वेलांट्या आहेत, त्यांना शिरोरेषेच्या वर अडीच इंच दिले. खाली उतरतो तो फक्त ठ्ठ. ठ च्या पोटाखाली दुसरा ठ लागतो. दोन्ही पूर्ण उंचीचे काढले तर खाली दुसऱ्या ओळीला जागा उरणार नाही, म्हणून वरचा ठ जरा चेपून घ्यायचा, खालचा त्याच्याएवढाच काढायचा आणि अक्षराचा तळ 8 इंचांच्या रेषेखाली अडीच इंच उतरू द्यायचा. अडीच, आठ, अडीच मिळून 13 इंच झाले. वर 3 इंच मोकळे, खाली 3 इंच मोकळे, उरले 5. त्यात दीड इंचाची फट सोडून साडेतीन इंचांच्या पट्ट्यात ‘गहू, ज्वारी, बाजरी, डाळी दळून मिळतील’ ही दुसरी ओळ बसली. त्या ओळीतल्या वेलांट्या आणि उकारही त्याच साडेतीन इंचांत धरायचे, म्हणून तिची अक्षरं प्रत्यक्षात दोन इंचांचीच येतात.

नाव रस्त्याच्या पलीकडून वाचता येत नाही, ही तुमची तक्रार याच हिशोबात बसते. माझा जुना ठोकताळा असा, की दर दहा फूट अंतराला एक इंच उंची दिली तर चालता माणूस सहज वाचतो. गिरणीसमोर साठ-सत्तर फुटांवर एसटीचा थांबा आहे, तिथून 8 इंचांचं नाव स्वच्छ दिसतं. दोन इंचांची ओळ तिथून वाचता येणार नाही, आणि येऊही नये. ती दारात दळण घेऊन आलेल्यासाठी आहे. तुमच्या काकांच्या पाटीवर बहुधा नाव, मालक, फोन नंबर, माल, सगळं एकाच उंचीचं असेल. गिऱ्हाईक लांबून काय वाचणार आणि जवळून काय, हे आधी काकांना विचारा.

खडूच्या दोरीने रेषा मारल्या. शिरोरेषेच्या वरच्या-खालच्या कडा, अक्षराचा तळ आणि खणांच्या उभ्या खुणा. दोरीचं एक टोक तिने धरलं, एक मी, मधोमध बोटाने उचलून सोडली की सरळ रेषा उमटते. पट्टीपेक्षा हे बरं, कारण तीन फुटांची पट्टी दोनदा लावताना जोडावर रेषा हलते.

खणांत अक्षरं खडूने बसवल्यावर मी तिला समोरच्या ओट्यावर नेलं आणि म्हटलं, कुठे खटकतं ते सांग. तिने थोडा वेळ बघून ‘पीठ’कडे बोट केलं. पी आणि ठ यांच्यामध्ये भोक पडल्यासारखं दिसत होतं. पट्टी लावली तर फट इतर फटींएवढीच. असं होतं, कारण ठ गोल आहे. त्याचं पोट फक्त मध्यावर शेजारच्या रेघेजवळ येतं, वर आणि खाली हवा राहते. शिवाय त्याला काना नाही, शिरोरेषेला तो छोट्या देठाने लटकतो. याउलट ‘णी’मध्ये तीन उभ्या रेघा ओळीने येतात, तिथे मोजलेली फटही कमी वाटते. तेव्हा खण हे सुरुवातीला जागा वाटण्यापुरते. शेवटचा निकाल डोळ्यांचा. उभी रेघ आणि उभी रेघ शेजारी आली तर फट सगळ्यात मोठी, रेघ आणि गोल आले तर कमी, आणि ट, ठ, ड, ढ, र, द, ह अशी बिनकान्याची अक्षरं आली तर आणखी जवळ. तिने ठ पाऊण इंच डावीकडे घेतला. ती जागा ‘णी’च्या रेघांना वाटायची, म्हणून ‘गिर’ही तेवढाच डावीकडे सरकवला. मग पत्रा उलटा करून बघितला. उलट्या पाटीवरचं नाव आपोआप वाचलं जात नाही, नुसते काळे-पांढरे आकार दिसतात, त्यामुळे दाट आणि विरळ जागा लगेच कळतात. आता ती मोबाइलवर फोटो काढून तो लहान करून बघते. त्यानेही तेच काम होतं.

अक्षराच्या वळणाबद्दल थोडं. आपलं अक्षर बोरूतून आलं आहे. बोरूच्या टोकाची धार डावीकडे वर आणि उजवीकडे खाली अशी तिरकी असते, म्हणून खालून वर उजवीकडे झुकणारी रेघ जाड येते आणि उलट्या बाजूला झुकणारी बारीक. इंग्रजी अक्षरात याच्या उलट होतं. ठ चं वर्तुळ काढलं तर ते डावीकडे वर आणि उजवीकडे खाली जाड हवं. नातीने सुरुवातीला इंग्रजी O सारखं दोन्ही बाजूंना जाड काढलं होतं आणि काय चुकतंय ते तिला कळत नव्हतं. मी तिला दोन पेन्सिली एकत्र बांधून दिल्या आणि टोकं त्या तिरक्या दिशेत ठेवून, न फिरवता, बाराखडी काढायला लावली. जाडी कुठे येते ते दोन रेघांच्या मधल्या अंतरातून दिसतं. चार दिवसांत ठ, व, ब, क सुधारले.

रंगवताना क्रम असा: आधी सगळ्या उभ्या रेघा, मग गोलाई, मग वेलांट्या, आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी. उभी रेघ आम्ही सव्वा इंच घेतली, शिरोरेषा एक इंच. दोन्ही सारख्या जाडीच्या काढल्या तर आडवी रेघ डोळ्याला जाड वाटते आणि नाव वरून दाबल्यासारखं दिसतं. तसंच गोल अक्षराचा तळ रेषेवर नेमका टेकवला तर ते अक्षर तोकडं वाटतं, त्याला दोराभर खाली उतरू द्यावं. शिरोरेषा ओढताना ब्रश भरून घ्या, काठी रेषेला समांतर धरा आणि नजर ब्रशच्या टोकावर न ठेवता जिथे पोचायचं तिथे ठेवा. पाटीबरोबर स्वतः सरकत जा. एका जागी उभं राहून हात लांब केला की रेघ टोकाला वर किंवा खाली जातेच. जिथे ब्रश उचलावा लागेल, तो जोड एखाद्या कान्याच्या डोक्यावर येऊ द्या, तिथे लपतो.

ध, भ आणि थ यांच्या डोक्यावर शिरोरेषा तुटलेली असते, ती तुटलेलीच ठेवा. तरुणपणी मी एका दुकानाची ‘धान्य भांडार’ अशी पाटी रंगवली आणि शिरोरेषा सलग ओढून टाकली. जवळून गाठी दिसत होत्या. लांबून लोक ‘घान्य मांडार’ वाचायला लागले. मालकाने पाटी परत पाठवली आणि मी ती सगळी खरवडून पुन्हा केली. नातीला मी ही फट बोटभर रुंद ठेवायला सांगतो. पुस्तकातल्या अक्षरात ती बारीक असते, पण पाटीवर ती लांबून दिसायला हवी.

पत्र्याची तयारी थोडक्यात. साध्या लोखंडी पत्र्याला घासून रेड ऑक्साइड चालतो. जस्ताच्या नव्या गुळगुळीत पत्र्यावर तोच मारला तर वर्ष-दोन वर्षांत रंग पापुद्र्यांनी सुटतो, कारण जस्ताला तो धरत नाही. त्यासाठी जस्ताच्या पत्र्याचा वेगळा प्रायमर मागा. अक्षरांमागच्या जमिनीचा रंग दोन हात, प्रत्येक हातामध्ये एक रात्र, आणि मध्ये बारीक पॉलिश पेपर. पावसाळ्यात संध्याकाळी शेवटचा हात मारू नका, रात्रीच्या दमटपणाने चकाकी जाते. पश्चिमेकडे तोंड असलेल्या पाटीवर लाल अक्षर टाळा, उन्हाने लाल रंगच आधी उडतो. गिरणीची पाटी पश्चिमेलाच होती, म्हणून पिवळ्यावर काळं केलं.

काकांच्या पाटीवर इंग्रजी नावही असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. 2022 साली दुकाने व आस्थापना कायद्यात झालेल्या दुरुस्तीप्रमाणे महाराष्ट्रात पाटीवर मराठी नाव आधी हवं आणि मराठी अक्षरं दुसऱ्या कुठल्याही भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. लहान दुकानांनाही हे लागू आहे. पाटीचे दोन सारखे पट्टे केले तर इंग्रजी कॅपिटल अक्षरं अख्खा पट्टा भरतात आणि मराठीला वेलांटी-उकारासाठी जागा सोडावी लागते, त्यामुळे मराठी नाव लहान होतं. मी वेलांटी सोडून मराठी अक्षराची नुसती उंची मोजतो आणि इंग्रजी अक्षर त्यापेक्षा बुटकं ठेवतो.

तुम्ही आता काकांची पाटी पुसू नका. तिचा समोरून एक फोटो काढा, त्यावर खण मोजा आणि कुठल्या अक्षराला किती मिळाले आणि किती मिळायला हवे होते ते लिहून काढा. मग काळा पत्रा करून महिनाभर रेघा ओढा. ब्रश रोज टर्पेंटाइनने धुऊन, खोबरेल तेलाचं बोट फिरवून, केस सरळ करून आडवा ठेवा. दुसऱ्या दिवशी वापरण्याआधी तेल पूर्ण काढा, नाहीतर रंग वाळत नाही. महिन्याने काकांचंच नाव नव्या पत्र्यावर खडूने बसवा आणि उलटं करून बघा. ते खटकलं नाही, तर रंगाचा डबा उघडा.

गिरणीची पाटी लागली त्या दिवशी नात थांब्यावर उभी राहून बराच वेळ बघत होती. घरी येताना म्हणाली, “आबा, ठ्ठ अजून थोडा वर घ्यायला हवा होता, खालच्या ओळीला टेकल्यासारखा दिसतोय.” मी जाऊन बघितलं. बरोबर होतं. दीड इंचाची फट ठ्ठ खालीही तेवढीच होती, पण नेमका तिथेच ‘ज्वारी’ची वेलांटी आली होती. पुढच्या पाटीला आम्ही दुसरी ओळ आधी खडूने लिहून बघतो आणि मग ती ठ्ठ, द्ध, ट्ट असल्या अक्षरांच्या खालून बाजूला सरकवतो.